बारा सेल्समन का, दहा का नाही?

शनिवार संध्याकाळ, सहा ते सात, पुण्यातला लक्ष्मी रोड. दिवाळीच्या आधीचा सीझन आणि साड्यांचं एक मोठं दुकान. आकडे आपण उदाहरणापुरते धरतोय, पण हिशोब खराच आहे. दारावरचा काउंटर सांगतो, तासात १२० माणसं आत आली. मग साड्या दाखवायला किती जण लागतील?

आधी हे बघा, की १२० माणसं म्हणजे १२० गिऱ्हाईकं नव्हेत. साडी घ्यायला कोणी एकटं येतं का? आई, मुलगी, मावशी, सोबत कंटाळलेला एखादा दादा. सरासरी तिघांचा ग्रुप धरला तर ४० ग्रुप झाले, त्यातले दहा नुसते बघून जातात, म्हणजे समोर बसून साड्या काढायला लावणारे ३०. एका ग्रुपमागे साड्या उलगडून दाखवणं आणि नंतर परत घड्या घालणं धरून २० मिनिटं जातात. घड्यांचा वेळ बरेच जण मोजतच नाहीत आणि तिथेच हिशोब कमी पडतो. ३० गुणिले २० म्हणजे ६०० मिनिटांचं काम. भागिले ६०, उत्तर आलं दहा.

मग दहा सेल्समन पुरतील ना? नाही पुरणार, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दहा जणांना पूर्ण ६० मिनिटं काम मिळायला गिऱ्हाईक अगदी घड्याळाप्रमाणे दर दोन मिनिटांनी यायला हवं, पण तसं कधीच होत नाही, पाच मिनिटं कोणी येत नाही आणि मग एकदम चार ग्रुप दारात. मोकळी गेलेली मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळे दहा जण असतील तर रांग वाढतच जाते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९१७ साली ह्यावर सूत्र मांडलं, तेव्हा प्रश्न फोनच्या लाइन किती ठेवायच्या हा होता, पण गणित दुकानालाही लागू पडतं. गर्दी अशीच टिकली तर अकरा सेल्समन असताना ग्रुपला सरासरी थांबावं लागतं साधारण साडेतेरा मिनिटं. बारा केले की साडेचार. तेरा केले की दोनच्या आत. म्हणजे एक माणूस वाढवला आणि थांबणं एक तृतीयांशावर आलं! त्यापुढचा माणूस जेमतेम अडीच मिनिटं वाचवतो. म्हणून ह्या तासाला बारा. पण हे बारा काउंटरवर हजर असलेले हवेत, चहाला गेलेला किंवा गोडाऊनमधून माल आणायला गेलेला ह्यात धरायचा नाही.

बिलिंगचं गणित वेगळं. ३० पैकी १८ ग्रुप खरेदी करतात, बिल आणि पॅकिंगला चार मिनिटं धरली तर ७२ मिनिटांचं काम, म्हणजे एक काउंटर कमीच पडणार, दोन हवेत. आणि ही गर्दी दारावरच्या गर्दीच्या मागून येते, पावणेसातला आलेला ग्रुप सात वाजून गेल्यावरच कॅशवर पोचतो, त्यामुळे दारावरची गर्दी ओसरली म्हणून बिलिंगवरचा माणूस लगेच उठवू नका.

आता १२० हा आकडा आधीच कसा कळणार? साध्या दिवसात मागच्या चार-पाच शनिवारचा त्याच तासाचा सरासरी आकडा बऱ्यापैकी चालतो. सणाला मात्र गेल्या वर्षीची तारीख बघून उपयोग नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, म्हणजे २० ऑक्टोबरला गेल्या वर्षी किती लोक आले होते ह्याला काही अर्थच नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधीचा कितवा दिवस, असं मोजा. त्यातही महिन्याची सुरुवात, पगार झालाय का नाही, हे बघावंच लागतं.

आणि अंदाज बिलांवरून अजिबात लावू नका, दारावरच्या आकड्यावरून लावा. कारण माणसं कमी होती म्हणून जे थांबून कंटाळून निघून गेले, त्यांचं बिलच नाही, मग मालक बिलं बघून म्हणतो की गर्दी तशी कमीच होती, पुढच्या वेळी अजून एक कमी ठेवू, आणि विक्री आणखी घटते. हे ओळखायला प्रत्येक तासाला आलेले ग्रुप आणि झालेली बिलं शेजारी शेजारी लिहा. सकाळी अकराला दहा ग्रुपमागे पाच बिलं होतात आणि संध्याकाळी सातला तीनच, तर आधी त्या तासाला काउंटरवर खरोखर किती जण उभे होते ते तपासा, मगच मालाला किंवा भावाला दोष द्या.