खड्डा भरू नका! खोलीतला बेस मोजायचा आणि आवरायचा कसा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत पाठीमागे माइक लावलेला ट्रायपॉड दिसला, आणि तेव्हापासून "दादा, तो माइक कसला?" हा एकच प्रश्न सुरू आहे. तर तो आहे यूमिक-१, मोजणीचा यूएसबी माइक. गाणं रेकॉर्ड करायला अजिबात नाही. संगणकात रूम ईक्यू विझर्ड, म्हणजे आरईडब्ल्यू, हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. या दोघांचा उपयोग काय, ते माझ्याच हॉलवर दाखवतो.

आधी दुखणं सांगतो. हॉलची लांबी ४.२ मीटर. सोफा, आपल्याकडे असतो तसा, मागच्या भिंतीला चिकटलेला. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर आला की शोकेसच्या काचा थरथरायच्या, आणि त्याच गाण्यात बाजूचा सूर आला की बेस गायब. मला वाटलं स्पीकर खराब. दुकानात नेऊन परत आणला. स्पीकर ठणठणीत होता.

खोलीत कोणता सूर घुमतो, त्याचा हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा. ३४३ भागिले ८.४, म्हणजे जवळपास ४१ हर्ट्झ. आणि बेस गिटारची ती जाड तार मोकळी छेडली तर ४१.२ हर्ट्झ! म्हणजे माझी खोलीच त्या सुराला लावलेली. भिंतीजवळ या सुराचा दाब सगळ्यात जास्त, आणि मी नेमका तिथेच बसलेलो. त्यात आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती. अमेरिकेतले व्हिडिओ पाहता ना, तिकडे पुष्कळ घरांत लाकडी सांगाड्यावर पातळ बोर्ड असतात. त्यांतून बेस थोडा बाहेर निसटतो. आपल्याकडे तो भिंतींमध्येच घुमत राहतो.

मोजणी पटकन सांगतो. माइकच्या सिरीयल नंबरवरून त्याची कॅलिब्रेशन फाइल उतरवून आरईडब्ल्यूमध्ये टाका. माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतो तिथे. हातात धरायचा नाही, उशीवर ठेवायचा नाही. मग २० ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, वाजवा, आवाज साधारण ७५ डेसिबल. आणि पंखा बंद! एकाने ग्राफ पाठवला, ३० हर्ट्झच्या खाली नुसता डोंगर. विचारलं, पंखा चालू होता का? "हो, फुलवर, उकडत होतं." अहो, ती पंख्याची हवा माइकवर आपटत होती. मी फ्रिजसुद्धा बंद करतो, तरी शेजारच्या कुकरने दोन स्वीप खाल्लेच.

ग्राफ आला की स्मूदिंग, म्हणजे रेषेचे चढउतार गुळगुळीत करणारी सोय, काढून टाका. एक-तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग लावून "माझी खोली छान आहे" म्हणणं म्हणजे वजनकाट्यावर एक पाय ठेवण्यासारखं आहे.

माझ्या ग्राफवर ४१ ला १४ डेसिबलचा उंचवटा होता. सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी सोफा भिंतीपासून १.२ मीटर पुढे ओढला. उंचवटा १० वर आला. फुकटात ४ डेसिबल. पण ७१ हर्ट्झला मोठा खड्डा पडला, जो आधी नव्हता. कारण आता आवाज मला ओलांडून मागच्या भिंतीवर जातो आणि परत येतो, म्हणजे २.४ मीटर जास्तीचा प्रवास. ७१ हर्ट्झला ही बरोबर अर्धी लाट, म्हणून परत आलेला आवाज थेट आवाजाला खोडतो.

आता आजचा मुद्दा. कमेंटमध्ये सगळे म्हणतात, "खड्डा आहे ना, मग तिथे बूस्ट द्या." नका देऊ! मी देऊन बसलोय. ७१ ला ९ डेसिबल वाढवले. आणि प्रामाणिकपणे सांगतो, ग्राफ सुधारला. काहीजण लिहितात की बूस्टने काहीच फरक पडत नाही, ते चुकीचं आहे. माइकच्या जागी ९ डेसिबल वाढतातच. म्हणूनच माणूस फसतो.

मग बिघडतं काय? पहिलं, ९ डेसिबल म्हणजे अँप्लिफायरला त्या सुरासाठी आठपट ताकद. माझा वूफर जोरात लावल्यावर ठॉक-ठॉक करायला लागला.

दुसरं, माइक एक फूट पुढे सरकवला आणि पुन्हा मोजलं. खड्डा तिथून हलला, माझे ९ डेसिबल मात्र तिथेच. माझ्या नाकासमोर सपाट, आणि बाबांच्या खुर्चीत ढब-ढब. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "वरात आलीय का?" ही कसोटी तुम्हीही करा. माइक एक फूट हलवल्यावर जागा बदलतो, तो खड्डा भरायचा नसतो.

तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही. परत आलेला आवाज ७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तोवर खोडायला कोणीच नसतं. म्हणजे प्रत्येक ठोक्याची सुरुवात ९ डेसिबल जास्त जोरात येते, आणि मग खोडाखोड सुरू होते. ग्राफवर सपाट, कानाला धपका. मला हे कळायला आठवडा गेला.

उंचवट्याचं तसं नाही. तिथे खोली आवाज साठवून ठेवते. तुम्ही कमी दिलात तर कमी साठतो, आणि शेपूटही लवकर विरते. ४१ चा आवाज कमी केल्यावर वॉटरफॉल ग्राफ, म्हणजे आवाज किती वेळात विरतो ते दाखवणारा ग्राफ, पाहिला तर ४१ हर्ट्झची ती लांबलचक शेपूट निम्म्यावर आलेली दिसली.

म्हणून आरईडब्ल्यूच्या EQ खिडकीत Match Range २० ते २०० ठेवा, आणि Individual Max Boost व Overall Max Boost दोन्ही शून्य करा. मगच Match response to target दाबा. शून्य ठेवलं नाहीत तर ते सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे खड्डे भरत बसेल. आणि एकाच मोजणीवर भरवसा नको. डोक्याभोवती चार-पाच जागी मोजा, सरासरी काढा, आणि त्या सरासरीवर फिल्टर, म्हणजे घुमणारा सूर कमी करणारी सेटिंग, बनवा.

माझ्याकडे शेवटी एकच फिल्टर उरला. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या प्रोग्रामच्या config.txt मध्ये तो असा लिहिलाय:

```
Filter 1: ON PK Fc 41.2 Hz Gain -9.5 dB Q 7.0
```

हा माझ्या खोलीचा आहे, कॉपी करू नका. मागच्या वेळी तिघांनी केला आणि मग "बेस गेला" म्हणून मलाच शिव्या घातल्या. बाकी पहिले दोन दिवस स्वतःच्या फिल्टरनेही तसंच वाटतं, कारण कान त्या घुमण्याला सरावलेला असतो. आवाज थोडा वाढवा आणि बेस गिटारची पूर्ण चाल ऐका. मला पहिल्यांदाच सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू आले.

७१ च्या खड्ड्याचं काय केलं? फिल्टर नाही लावला. सोफा आणखी एक वीत पुढे घेतला आणि स्पीकर थोडे सरकवले. खड्डा उथळ झाला, गेला नाही. आता सोफ्यामुळे कपाटाचं दार चार बोटं कमी उघडतं. आईने तिची इस्त्रीची घडी दुसरीकडे हलवलीय, आणि त्याबद्दल घरात अजून चर्चा चालू आहे.