एका रात्रीपुरतं बदललेलं खातं: ईआरपीच्या लॉगमध्ये ऑडिटर काय बघतो

[दृश्य: व्हेंडर मास्टरची स्क्रीन, कर्सर बँकेच्या ओळीवर]

हा व्हेंडर नंबर 104512. बँक अकाउंटचे शेवटचे चार आकडे 4471. फाईलमधल्या जुन्या फॉर्मवर हाच नंबर, इन्व्हॉइसवर हाच नंबर, स्क्रीनवरही हाच. आज कुणी येऊन तपासलं तर टिकमार्क करून पुढे जाईल आणि त्याला दोष पण देता येणार नाही.

फक्त एका गुरुवारी संध्याकाळी 18:42 ला इथं 4471 च्या जागी 9038 आलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी 10:40 ला परत 4471 झालं. मधे 10:05 ला पेमेंट रन होऊन गेला.

ही केस आम्ही SAP या ईआरपीच्या टेस्ट सिस्टीमवर मुद्दाम उभी केलीये, म्हणजे व्हेंडर खोटा, पैसे खोटे. पण पुढे जे लॉग दिसतील ते सिस्टीमने स्वतः लिहिलेत, आम्ही एक अक्षर घातलेलं नाही.

[दृश्य: काळ्या पट्टीवर दोन नावं – CDHDR, CDPOS]

व्हेंडर मास्टरमध्ये नेहमीच्या स्क्रीनवरून काही बदललं की SAP त्याचं चेंज डॉक्युमेंट बनवतं. CDHDR मध्ये हेडर असतो, म्हणजे कुणी, कधी, कुठल्या ट्रान्झॅक्शनमधून. CDPOS मध्ये प्रत्यक्ष काय बदललं ते. दोघांना बांधणारा नंबर म्हणजे CHANGENR. व्हेंडरचे बदल KRED या ऑब्जेक्टखाली जातात. नवीन S/4HANA मध्ये व्हेंडर बिझनेस पार्टनरमधून सांभाळला जातो, तिथं नुसतं KRED बघून थांबलात तर अर्धंच दिसेल, तेवढं लक्षात ठेवा.

[दृश्य: ऑडिटर फिल्टर टाकतेय, रिझल्ट – शून्य ओळी]

आता ही जागा नीट बघा, आम्ही तीनदा शूट केली कारण इथं भले भले फसतात. ऑडिटरने सरळ विचार केला, अकाउंट नंबरचं फील्ड BANKN, बदल म्हणजे U, तर FNAME मध्ये BANKN टाकलं, CHNGIND मध्ये U टाकलं आणि एंटर मारलं. एकही ओळ नाही! इथं थांबून कुणी कागदावर लिहिलं की या काळात बँक अकाउंट बदललेले नाहीत, तर तो माणूस खोटं बोलत नाहीये, पण लिहिलेलं साफ चूक आहे.

कारण असं की व्हेंडरची बँक LFBK टेबलमध्ये असते आणि तिथं अकाउंट नंबर हा किल्लीचा, म्हणजे की-चा भाग आहे. किल्ली बदलता येत नाही, जुनी ओळ काढायची आणि नवी घालायची एवढंच होऊ शकतं. त्यामुळे लॉगमध्ये बदल असा दिसतच नाही, दिसतं ते एक डिलीट आणि एक इन्सर्ट, आणि फील्डच्या नावाच्या जागी KEY.

```
TABNAME  FNAME  CHNGIND
LFBK     KEY    D
LFBK     KEY    I
```

D च्या जागी कधी E पण दिसतो, त्याचा अर्थही डिलीटच, फक्त काढलेल्या ओळीतली फील्डं वेगळी नोंदवलेली असतात. अकाउंट नंबर कुठाय? तो TABKEY मध्ये, व्हेंडर नंबर आणि बँक की यांच्या मागे चिकटून आलेला. फिल्टर बदलला, तीन महिन्यांचा काळ घेतला, आणि आता स्क्रीनवर 212 वेगवेगळे CHANGENR आहेत. ओळी अर्थातच त्याहून जास्त.

[दृश्य: टेबलावर फॉर्मचा गठ्ठा, बाजूला लॅपटॉप]

हा गठ्ठा म्हणजे बँक बदलाचे मंजूर झालेले फॉर्म, 210. आता तपासणी कुठून सुरू करायची यावर सगळं अवलंबून आहे. गठ्ठ्यातून 25 फॉर्म उचलून सिस्टीममध्ये तो बदल आहे का बघितलं तर 25 पैकी 25 जुळणार, 210 च्या 210 तपासले तरी जुळणार, कारण ज्याने फॉर्म भरला त्याला लपवायचं काही नव्हतंच. ज्याचा फॉर्म नाही तो या गठ्ठ्यात कसा सापडेल? म्हणून लॉग आधी, फॉर्म नंतर. 212 मधून निघायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, तुझा कागद दाखव. दोघांकडे कागद नाही. गुरुवार 18:42 आणि शुक्रवार 10:40.

आमच्या मते अर्ध्याहून जास्त कंट्रोल टेस्टिंग याच एका दिशेच्या चुकीने फुकट जातं. हे मत आहे, आकडेवारी मागू नका.

[दृश्य: एक्सेल फाईल उघडते, एक ओळ निवडून डिलीट केली जाते]

आणि हे 212 तरी खरे कशावरून? आम्ही मुद्दाम दाखवतोय, आयटीवाल्याने मेलवर पाठवलेल्या एक्सेलमधून एक ओळ उडवायला किती वेळ लागतो. क्लिक, डिलीट, सेव्ह. फाईल अगदी तशीच दिसते. म्हणून ऑडिटर फाईल मागत नाही, ती शेजारी बसून फाईल तयार होताना बघते. कुठली सिस्टीम, त्या सिस्टीममधला कुठला क्लायंट, प्रॉडक्शनच आहे ना की कॉपी, निवडीच्या स्क्रीनवर कुठल्या तारखा आणि कुठले फिल्टर, रिझल्ट किती ओळींचा, आणि एक्सपोर्ट झालेल्या फाईलमध्ये तेवढ्याच ओळी आहेत का. हे सगळं वर्किंग पेपरमध्ये जातं. नुसता क्रॉप केलेला स्क्रीनशॉट, ज्यात वरची निवड दिसत नाही, तारीख दिसत नाही, तो पुरावा म्हणून घेऊच नये. लोक घेतात, आम्हाला माहितीये.

एक छोटी गोष्ट इथंच सांगून टाकतो. CHANGENR सलग नसतील तर लगेच आरडाओरडा करू नका. हे नंबर AENDBELEG या नंबर रेंजमधून येतात, ते बफर होतात, आणि सर्व्हर बंद-चालू झाला की मधले नंबर वाया जातात, शिवाय हीच रेंज इतर ऑब्जेक्ट पण वापरतात. त्यामुळे खाच दिसली म्हणजे कुणी ओळ उडवली असं होत नाही.

[दृश्य: REGUH ची स्क्रीन, ZBNKN कॉलमवर प्रकाश]

मग उडवली नाही हे कळणार कसं? त्यासाठी साखळी लावायची. आजच्या किमतीपासून मागं चालत जायचं. आज 4471. लॉग म्हणतो शुक्रवारी 9038 काढून 4471 घातलं, म्हणजे त्याआधी 9038 असायला हवं. गुरुवारची नोंद म्हणते 4471 काढून 9038 घातलं, म्हणजे त्याआधी 4471. मग व्हेंडर तयार झाला त्या दिवसाची नोंद, तिथंही 4471. साखळी पूर्ण. कुठं एक कडी जरी जुळली नाही, समजा आज 4471 आहे पण शेवटची नोंद 9038 म्हणतेय, तर मधे एक बदल असा झालाय जो लॉगने पाहिलाच नाही.

आणि या साखळीला बाहेरचा साक्षीदार आहे. F110 ने, म्हणजे पेमेंट रनच्या ट्रान्झॅक्शनने, पेमेंट केलं की REGUH या पेमेंटच्या टेबलमध्ये त्या वेळी ज्या अकाउंटला पैसे गेले तो नंबर ZBNKN मध्ये राहतो, मास्टर नंतर कितीही बदला. फक्त XVORL रिकामं आहे ना ते बघायचं, तिथं X असेल तर ते नुसतं प्रपोजल, पैसे गेलेले नाहीत. शुक्रवार 10:05 च्या रनमध्ये आपल्या व्हेंडरसमोर 9038 आहे. चेंज लॉग एक गोष्ट सांगतो आणि पेमेंटचं टेबल स्वतंत्रपणे तीच सांगतं, ऑडिटरला हवं असतं ते हे. एक काळजी घ्या, वेळा जुळवताना. लॉगमधली वेळ सिस्टीमची असते, बँकेचं स्टेटमेंट आणि युजरचं घड्याळ वेगळ्या टाइमझोनमध्ये असू शकतं, आणि तासांच्या फरकाने आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होऊन बसतं.

पैसे गेले ते गेले, परत मिळवायची प्रक्रिया बँकेच्या बाजूची आहे, ती इथं नाही.

[दृश्य: FK08, कन्फर्म बटण]

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे दोन माणसांचा कंट्रोल आहे. आहे की, इथंही होता. बँक अकाउंट सेन्सिटिव्ह फील्ड म्हणून T055F या सेटिंगच्या टेबलमध्ये लावलेलं, त्यामुळे ते बदललं की दुसऱ्या कुणी FK08 मधून कन्फर्म करेपर्यंत पेमेंट रन या व्हेंडरला हात लावत नाही. आणि गुरुवारी 18:45 ला दुसऱ्या आयडीने कन्फर्म केलेलं आहे. तीन मिनिटांत. लॉगमध्ये दोन वेगळी नावं, नियम पाळला गेला.

[दृश्य: SM20, टर्मिनल कॉलम]

सिक्युरिटी ऑडिट लॉग चालू होता म्हणून हे दिसतंय, तो चालू करावा लागतो आणि फिल्टरही लावावे लागतात. दोन्ही लॉगऑन एकाच टर्मिनलवरून. एकाने दुसऱ्याचा पासवर्ड वापरला? शक्यता आहे, पण इथं ऑडिटर गुन्हा ठरवत नाही, कारण सगळे जण एकाच रिमोट सर्व्हरवरून काम करत असतील तर सगळ्यांचंच टर्मिनल एक दिसतं. ती एवढंच लिहिते की दुसरा माणूस खरंच दुसरा होता याचा पुरावा मिळाला नाही. मग ती मागते दुसऱ्या आयडीवाल्याची त्या दिवसाची हजेरी, बदलाची विनंती कुठून आली तो मेल, आणि व्हेंडरला आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री केली असेल तर त्याची नोंद. विनंतीच्या मेलमध्येच दिलेल्या नंबरवर केलेला फोन धरायचा नाही.

[दृश्य: सर्व्हर रूम, नंतर SE16N ची स्क्रीन]

शेवटचा भाग साखळी तुटते तेव्हाचा. चेंज डॉक्युमेंट अॅप्लिकेशन लिहितं, त्यामुळे जो अॅप्लिकेशनला वळसा घालून जातो त्याचं डॉक्युमेंट बनत नाही. SE16N म्हणजे टेबल थेट उघडणारी स्क्रीन, तिथून एडिट मोडमध्ये टेबल बदललं तर त्याची नोंद CDHDR मध्ये नाही, SE16N_CD_KEY आणि SE16N_CD_DATA मध्ये पडते, म्हणून ती दोन्ही टेबलं ऑडिटरच्या यादीत असतातच. थेट डेटाबेसवर अपडेट चालवला तर SAP ला कळतसुद्धा नाही, तिथं डेटाबेसचं स्वतःचं ऑडिटिंग चालू असेल तरच काही हाती लागतं. आणि T055F मधून अकाउंट नंबरची ओळच काही तासांसाठी काढून ठेवली तर? ते SCU3 मध्ये, म्हणजे टेबलांच्या बदलांच्या लॉगमध्ये दिसेल, पण हा लॉग चालू करणारा rec/client पॅरामीटर त्या क्लायंटसाठी चालू असेल आणि त्या टेबलचं लॉगिंग लागलेलं असेल तरच. त्यामुळे ऑडिटर पॅरामीटरची आजची किंमत बघून थांबत नाही, तपासणीच्या पूर्ण काळात तो चालूच होता का ते विचारते, आणि त्याच बैठकीत प्रॉडक्शनमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, टेबल एडिटचा अधिकार कुणाला आहे आणि RSCDOK99 चालवून जुनी चेंज डॉक्युमेंट कोण डिलीट करू शकतो याची यादी मागते. यादी अर्थातच तिच्या समोर सिस्टीममधून काढायची.