डाळ मिलच्या प्रस्तावात खेळतं भांडवल कमी का पडतं

आज एकच उदाहरण घेऊ. ताशी एक क्विंटल तूर भरडणारी छोटी डाळ मिल, लातूर-हिंगोली पट्ट्यातली. यंत्रं सात लाखांची आणि शेड तीन लाखांची, असा दहा लाखांचा प्रकल्प. दर मी हिशेबापुरते धरलेत. तुमच्या बाजार समितीचे दर घालून हेच गणित पुन्हा करा.

प्रस्तावाची पहिली चूक क्षमतेच्या पानावर होते. ताशी एक क्विंटल, आठ तास, तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला २,४०० क्विंटल असं लिहून टाकतात. यंत्र तेवढं करेलही, पण वाळवण करणार नाही. तूर साफ करायची, एमरी रोलरवर ओरखडायची, तेल लावून रात्रभर ढीग घालायचा, दोन-तीन दिवस उन्हात पसरायची, मग पाणी मारून पुन्हा मुरवायची, तेव्हा कुठे टरफल सुटतं. ड्रायर नसेल तर पावसाळ्यात मिल बंद. जानेवारी ते जून, महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला सहा क्विंटल धरा. म्हणजे ९०० क्विंटल. त्यातली ६०० स्वतःची खरेदी आणि ३०० शेतकऱ्यांची भरडाईवर, म्हणजे मजुरी घेऊन भरडून द्यायची, असं समजू.

आता एका क्विंटलचा हिशेब. बाजारभाव, हमाली, तोलाई, वाहतूक धरून तूर मिलवर ७,६०० रुपयांना पडली. तिच्यातून सत्तर किलो डाळ, चार किलो कणी, नऊ किलो चुनी, तेरा किलो टरफल निघतं. उरलेले चार किलो कचऱ्यात आणि ओलाव्यात जातात. डाळ १०८ रुपये किलोने व्यापाऱ्याला दिली, बाकीचं पशुखाद्यवाल्याला, की सगळे मिळून सुमारे ८,१०० रुपये येतात. पाचशे रुपये सुटले, त्यातून तेल, वीज, मजुरी, बारदान यांचे साडेतीनशे गेले. हातात दीडशे. व्याज अजून यायचंय.

या दीडशेवर सगळ्यात मोठा घाव उताऱ्याचा बसतो. एक किलो डाळ कमी निघून त्याची चुनी झाली, की १०८ रुपयांच्या जागी वीस येतात. अठ्ठ्याऐंशी रुपये गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त नफा. बहुतेक वेळा दोष तुरीत किंवा घाईत असतो. जानेवारीतली ओलसर तूर तशीच घेतली तर वाळताना वजन जातं, म्हणून ओलावा मोजायचं मीटर खरेदीच्या काट्याजवळ हवं, ऑफिसच्या कपाटात नको. लहान-मोठा दाणा एकत्र सोडला तर मोठा फुटतो आणि लहान टरफलासकट बाहेर येतो. चुनी वाढलेली दिसली तर आधी चाळण्या पाहा, रोलर नंतर. प्रस्तावात पंच्याहत्तर टक्के उतारा लिहून नफा फुगवणारे सल्लागार भेटतील. अशा कागदावर सही करू नका.

दीडशे गुणिले सहाशे म्हणजे नव्वद हजार. भरडाईवर क्विंटलला पाचशे रुपये घेतले तर खर्च वजा जाता साधारण १८० उरतात, कारण बारदान शेतकऱ्याचं. आपल्या खरेदीपेक्षा जास्त, आणि त्यात आपला एक रुपयाही अडकत नाही! प्रस्तावात भरडाईला एक ओळ देऊन सोडतात, तिला खरं तर पान द्यायला हवं. दुसरा आधार स्थानिक विक्रीचा. ४२० क्विंटल डाळीपैकी २०० क्विंटल १२० रुपयांनी मेस, वसतिगृहं आणि किराणा दुकानांना गेली, पाकीट आणि पोहोच यात किलोला पाच रुपये गेले, तरी सात रुपये जास्तीचे राहतात. म्हणजे एक लाख चाळीस हजार. बाजारपेठेच्या प्रकरणात देशातल्या डाळीच्या मागणीचे आकडे नकोत. ही २०० क्विंटल कोण घेणार, महिन्याला किती आणि किती दिवसांच्या उधारीवर, ते लिहा.

आता खेळतं भांडवल. छोट्या उद्योगांना बँका कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा बहुधा उलाढालीच्या पद्धतीने ठरवतात. अपेक्षित उलाढालीच्या पंचवीस टक्के गरज धरायची, वीस टक्के बँकेचे आणि पाच टक्के तुमचे. आपली उलाढाल साधारण पन्नास लाख, म्हणजे गरज साडेबारा लाख, बँकेचे दहा आणि तुमचे अडीच. या पद्धतीत पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं गृहीत आहे. तुरीत तो तसा फिरत नाही, कारण माल दोन-तीन महिन्यांत येतो.

महिन्याचा तक्ता मांडून पाहा. जानेवारीत २५०, फेब्रुवारीत २५० आणि मार्चमध्ये १०० क्विंटल खरेदी. दर महिन्याला भरड १०० क्विंटल. फेब्रुवारीअखेर गोदामात ३०० क्विंटल तूर, म्हणजे २२ लाख ८० हजार. वाळवणात आणि ढिगात सव्वा लाखाच्या आसपास. तयार डाळ आठवड्याची, एक लाख नव्वद हजार. वीस दिवसांची उधारी पाच लाख चाळीस हजार. बेरीज एकतीस लाखांच्या पुढे. बँकेच्या हिशेबात गरज धरली साडेबारा.

इथे लोक म्हणतात, तारण कर्ज घेऊ. घ्या, पण कोणतं ते नीट बघा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, मिलने विकत घेतलेल्या तुरीसाठी नाही. मिलसाठी वाट नोंदणीकृत गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावतीची. त्या पावतीवर सत्तर टक्के मिळाले असं धरलं तर ३०० क्विंटलवर सोळा लाख येतात. मात्र तारण ठेवलेला माल कॅश क्रेडिटच्या हिशेबात पुन्हा दाखवता येत नाही. मिलवर उरतो साडेआठ लाखांचा माल आणि उधारी. तुमच्या हिश्शाचं पंचवीस टक्के मार्जिन कापलं की त्यावर उचल फक्त सहा लाख चाळीस हजार, मर्यादा दहाची असली तरी. बँकेचे मिळून बावीस लाख चाळीस हजार झाले. तुमच्या खिशातून जवळपास नऊ लाख लागले, अडीच नाही.

नऊ लाख नसतील तर खरेदी कमी करा. साठवण हा काही सुरक्षित धंदा नाही. २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेलेली तूर २०२५ च्या सुरुवातीला ७,५५० च्या हमीभावाखाली आली. जून २०२४ मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्यावर साठा मर्यादाही लावली होती. त्यातून भुंगा वेगळाच.

अनुदानाच्या भरवशावर तर हे नऊ लाख अजिबात मांडू नका. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाख, असं अनुदान आहे. आपल्या प्रकल्पात ते साडेतीन लाख होतं. पण ते यंत्र आणि शेडवर मिळतं, तूर खरेदीवर नाही, आणि हातातही येत नाही. कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं ठेवतात आणि खातं नियमित असेल तरच कर्जात वळतं करतात. किमान दहा टक्के स्वतःचा हिस्सा वेगळा.

शेवटी तारखा. कर्ज मार्चमध्ये मंजूर झालं तर यंत्रं जूनपर्यंत येतात, तोवर स्वस्त तूर संपलेली असते आणि पावसाळा सुरू. सहा महिने व्याज चालू, मिल बंद. म्हणून प्रस्ताव ऑगस्टच्या आत बँकेत द्या, यंत्रं नोव्हेंबरात बसवा, डिसेंबरात चाचणी घ्या. हप्तेही दरमहा सारखे मागू नका. जानेवारी ते जून मोठे आणि जुलै ते डिसेंबर फक्त व्याज, अशी परतफेड मागा आणि वरचा महिन्यांचा तक्ता त्याला जोडा.