दाण्यावरचं तेल काय सांगतं?

नमस्कार, श्रोतेहो. कॉफीची पिशवी उघडली आणि आतले दाणे तेलाने चकचकताना दिसले, की कोणी म्हणतं माल ताजा आहे, कोणी म्हणतं जुना आहे. वरून तेल लावलंय अशी शंकाही काहींना येते. खरं तर हे तेल दाण्याचं स्वतःचंच असतं. अरेबिका जातीच्या दाण्यात वजनाच्या साधारण 15 टक्के तेल असतं, रोबस्टात त्याहून कमी. कच्च्या दाण्यात ते पेशींच्या आत बंदिस्त असतं.

भाजताना दाणा फुगतो, आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. साधारण 196 अंश सेल्सियसच्या आसपास पहिला तडतडाट ऐकू येतो. इथून थोडं पुढे जाऊन भाजणी थांबवली, तर दाणा कोरडाच दिसतो. 225 अंशांच्या आसपास दुसरा, बारीक तडतडाट होतो. आता पेशींच्या भिंतीच तडकतात आणि दाणा जास्त सच्छिद्र होतो. आत उरलेला वायू पुढचे काही दिवस बाहेर पडत राहतो आणि जाताना तेलालाही पृष्ठभागाकडे रेटतो.

म्हणून तेल पाहताना आधी रंग पाहावा. समजा, दोन पिशव्यांवर भाजणीची एकच तारीख आहे, 10 दिवसांपूर्वीची. एकीत काळपट दाणे आहेत आणि सगळे चमकताहेत. त्यात वावगं काही नाही. इतक्या गडद भाजणीवर तेल एक-दोन दिवसांतही येतं. दुसरीत मध्यम तपकिरी दाणे आहेत आणि तेही तसेच तेलकट. इथे मला शंका येईल. एकतर पिशवी उष्ण जागी पडून होती, कारण उष्णतेने तेल लवकर बाहेर येतं, किंवा तारखेत काही गडबड आहे. कॅफिन काढलेल्या कॉफीला मात्र ही शंका लावू नका. तिच्यावर मध्यम भाजणीतही तेल लवकर दिसतं.

गडद दाण्याचा ताजेपणा डोळ्यांना कळत नाही, तो नाकाला विचारावा. बाहेर आलेल्या तेलाला हवा थेट लागते आणि ते खवट होऊ लागतं. वास भिंतीला लावायच्या रंगासारखा किंवा जुन्या तेलासारखा आला, दाणे बोटाला चिकट लागले, तर ती कॉफी गेली. आणखी एक खूण म्हणजे ताज्या कॉफीच्या भुकटीवर गरम पाणी ओतलं की ती फेसाळून वर येते. गडद कॉफीतला वायू लवकर संपतो, त्यामुळे फेस थोडा कमी असला तरी घाबरू नये; अजिबातच नसेल तर मात्र ती शिळी समजावी.

गडद दाणे थोडेच घ्यावेत आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावेत. हवाबंद, अपारदर्शक डब्यात, शेगडीपासून लांब ठेवावेत. फ्रिजमध्ये रोज आत-बाहेर केलं तर ओल धरते, इतर वासही लागतात. जास्त दिवस टिकवायचे असतील तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि पुडी उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दळणयंत्राकडेही लक्ष असू द्या. त्याच्या आत तेलाचा थर बसतो, तो खवटतो आणि मग ताजी कॉफीसुद्धा शिळी लागते. दाणे ओतायचा भाग कोरड्या फडक्याने आणि आतली दळणारी दाती ब्रशने अधूनमधून साफ केली, की पुरतं.