'श्टुडेंट'चं सामान्यरूप

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "डेर लागला की श्टुडेंटला शेपूट का लागतं?" जर्मन नामांबद्दलचं आजचं बोलणं या चिठ्ठीपासूनच सुरू करू, कारण प्रश्नातच एक गफलत आहे. डेर हे जर्मनचं उपपद, नामाच्या आधी येणारा छोटा शब्द. डेर लागल्यावर शेपूट लागतच नाही. 'डेर श्टुडेंट', म्हणजे 'तो विद्यार्थी', कर्ता असताना कोरडाच असतो. एकवचनात बाकी तिन्ही विभक्तींत मात्र शेवटी 'एन' येतो, तेच हे शेपूट: डेन श्टुडेंटेन, डेम श्टुडेंटेन, डेस श्टुडेंटेन. अनेकवचनात तर तो सगळीकडेच असतो. तुम्हाला कुठे 'डेर श्टुडेंटेन' दिसलं असेल, तर ते अनेकवचनाचं षष्ठीरूप आहे. 'डी ब्यूशर डेर श्टुडेंटेन' म्हणजे विद्यार्थ्यांची पुस्तकं.

आता हा 'एन' सांगतो काय? कर्म, संप्रदान, षष्ठी, तिन्हींत तो तोच आहे. म्हणजे विभक्ती कोणती, हे त्याच्यावरून कळत नाही. ते काम डेन, डेम, डेस ही डेरची रूपं करतात. एकवचनात शेपूट एवढंच सांगतं की हा शब्द आता प्रथमेत नाही. हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. 'मुलगा' म्हटलं की प्रथमा. 'मुला-' म्हटलं की प्रथमा नाही एवढं नक्की, पण पुढे ला येणार की ने की चा, ते अजून ठरलेलं नाही. आपण याला सामान्यरूप म्हणतो. श्टुडेंटेन हे जर्मनचं सामान्यरूप समजा. फरक इतकाच की आपला प्रत्यय मागून येतो आणि त्यांचं उपपद पुढे चालतं.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी अशा नामांना 'दुर्बळ' म्हटलं. मूळचा गट जुना आहे: बोटऽ म्हणजे निरोप्या, युंगऽ म्हणजे मुलगा, आफऽ म्हणजे माकड. संस्कृत शिकलेल्यांनी 'राजन्' आठवावा. राजा म्हणताना न् गायब, राजानम् म्हणताना परत हजर. बोटऽ आणि बोटेनचंही तेच, आणि हा योगायोग नाही. दोन्हींकडचा न् एकाच पूर्वज भाषेतून आला आहे. श्टुडेंट मात्र या घराण्यातला नव्हे, तो लॅटिनमधून आलेला पाहुणा. पुल्लिंगी, सजीव, आणि जोर शेवटच्या अक्षरावर. असे शब्द या गटात शिरले आणि तिथलं शेपूट त्यांनी उचललं: पेशंट, प्रेझिडेंट, पोलिझिस्ट. श्टुडेंटिन, म्हणजे विद्यार्थिनी, स्त्रीलिंगी असल्यामुळे एकवचनात बदलतच नाही.

प्रोफेसॉर मात्र फसवतो. त्याचं अनेकवचन प्रोफेसोरेन, म्हणून आपले लोक 'डेन प्रोफेसोरेन' म्हणून मोकळे होतात, आणि प्राध्यापक एक असताना ते चूक ठरतं. तो या गटातलाच नाही. षष्ठी बघा: 'डेस प्रोफेसॉर्स', शेवटी स. अनेकवचनावरून कधीच ठरवू नका, षष्ठीवरून ठरवा.

दोन वाक्यं घेऊ. 'इश फ्रागऽ डेन श्टुडेंटेन' आणि 'इश हेल्फऽ डेन श्टुडेंटेन'. शेवटचे दोन शब्द हुबेहूब सारखे. पहिल्यात मी एकाच विद्यार्थ्याला विचारतो, कारण फ्रागेनला द्वितीया लागते आणि पुल्लिंगी एकवचनाची द्वितीया म्हणजे डेन. दुसऱ्यात मी अनेकांना मदत करतो, कारण हेल्फेनला चतुर्थी लागते आणि अनेकवचनाची चतुर्थीही डेनच. एकाला मदत केली असती तर 'डेम श्टुडेंटेन' झालं असतं. शेपूट एकवचनाचं की अनेकवचनाचं, हा निवाडा इथे क्रियापद करतं.

याच दुहेरीपणामुळे एक मजा होते, आणि चिठ्ठीवाल्याचं थोडं बरोबरही ठरतं. नामाच्या आधी उपपद किंवा विशेषण काहीच नसेल, तर एकवचनाचं शेपूट सहसा गळतं. 'त्स्विशेन आर्त्स्ट उंट पेशंट', डॉक्टर आणि पेशंट यांच्यामधलं. त्स्विशेनमुळे इथे चतुर्थी आहे, नियमाने 'पेशंटेन' हवं. पण एकट्या पेशंटेनचा अर्थ 'अनेक पेशंट' असा लागतो, म्हणून कोरडा पेशंट. तेव्हा शेपूट डेरमुळे उगवत नाही, पण टिकायला नामाच्या आधी सोबती लागतो. सोबती असूनही बोलण्यात 'डेम प्रेझिडेंट' ऐकू येतं. लिहिण्यात मात्र ती चूकच धरतात, परीक्षेत तर नक्कीच.

'हेर', म्हणजे साहेब, हा शब्द मात्र सोबती नसतानाही शेपूट सोडत नाही. 'इश झूखऽ हेर्न म्यूलर', मी म्यूलर साहेबांना शोधतोय, इथे उपपद नाही, तरी हेर्न. जर्मन पाकिटावर नावाच्या वर नुसतं 'हेर्न' लिहिलेलं असतं. पूर्वी त्याच्याआधी 'आन', म्हणजे 'प्रति', लिहीत. तो आन बहुतेक पाकिटांवरून गेला, पण त्याने आणलेला न् अजून तिथेच आहे.