‘करण्यात आले’, पण कोणी केले?

(ह्यूस्टनमधल्या मराठी इंजिनिअरांच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून-सावरून)

मंडळी, मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि वडे साडेबाराला येणार आहेत. सेक्रेटरींनी हे मला दोनदा सांगितलंय, त्यातली दुसरी वेळ जरा डोळे मोठे करून. विषय जाहीर झालाय तो असा : हाताखालच्या पोराने पी.ई.च्या, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या, लायसन्ससाठी अर्ज केला की प्रोजेक्ट मॅनेजरने रेफरन्स लेटर कसं लिहावं. त्यावर मी येणारच आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी चारित्र्याचा दाखला काढला होता? बघा, सगळेच हात वर. मी बारावीनंतर काढला. वडिलांच्या ओळखीचे एक राजपत्रित अधिकारी होते. त्यांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि सही ठोकली : ‘सदर विद्यार्थी माझ्या व्यक्तिशः परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ परिचयाची मुदतही घातली होती, पाच वर्षं. म्हणजे मी तेरा वर्षांचा असल्यापासून ते माझ्यावर नजर ठेवून होते. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, ‘सज्जन माणूस, लगेच दिला.’ आणि ते खरंच सज्जन होते! तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार अशी की त्या कागदाचा साचा आपल्या हाडात बसलाय, आणि तीस वर्षांनी आपण स्वतः लिहायला बसलो की तोच बाहेर पडतो.

अमेरिकन माणूसही काही वेगळा नसतो म्हणा. माझ्या स्वतःच्या अर्जाची गोष्ट सांगतो. माझा त्या वेळचा साहेब देवमाणूस. स्वतः पी.ई., वीस वर्षांचा अनुभव. त्याने माझ्यासाठी पाऊण पान लिहिलं : मी कष्टाळू आहे, वेळेवर येतो, सगळ्यांशी मिळून-मिसळून असतो आणि अनेक महत्त्वाच्या प्रकल्पांत ‘सहभागी’ होतो. मला इतका आनंद झाला की त्याची प्रत मी आईला पाठवली. तिने ती देवापुढे ठेवली. लायसन्स देणाऱ्या बोर्डाने ठेवली नाही. तिथून विचारणा आली : या माणसाने इंजिनिअरिंगचं नेमकं कोणतं काम स्वतः केलं? तोवर साहेब निवृत्त होऊन मासेमारीला लागला होता. फोन उचलायचा, मासे किती मोठे मिळाले ते सांगायचा आणि पत्र ‘या शनिवारी’ लिहितो म्हणायचा. असे कित्येक शनिवार गेले. दुसरं पत्र मिळून फाईल हलायला पाच महिने लागले. त्यातून माझा हा हट्टाचा मुद्दा जन्माला आला, आणि आज तुम्ही आयते सापडला आहात.

मुद्दा क्रियापदाचा आहे. मराठीत आपल्याकडे एक भारी सोय आहे : ‘करण्यात आले’. पाहणी करण्यात आली, गणिते तपासण्यात आली, योग्य ती कार्यवाही करण्यात आली. कोणी केली? देव जाणे. सरकारी पत्रात हे ठीक आहे, तिथे कोणी केलं ते लपवायचंच असतं. (हसू नका, इथे पी.डब्ल्यू.डी.तून आलेले किमान तिघे आहेत.) आपण इंग्रजीत लिहितो तेव्हाही डोक्यात हेच वाक्य असतं. ‘आमच्या टीमने पूल डिझाइन केला.’ छान! पण लायसन्स टीमला मिळत नाही.

टेक्ससमध्ये हे इतकं ताणून का विचारतात, त्यामागे इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी पूर्व टेक्ससमधल्या न्यू लंडनची शाळा उडाली. पैसे वाचवायला शाळेने तेलक्षेत्रातला उरलेला गॅस घेतला होता. तो गळला. त्याला वास नव्हता, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. गॅसला आज जो वास येतो तो मुद्दाम घालतात, आणि त्याची सक्ती या स्फोटानंतर आली. इंजिनिअरांना लायसन्स लावणारा टेक्ससचा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणून बोर्डाला तुमचा पोरगा गोड आहे का हे नको असतं. निर्णय त्याने घेतला होता का, कशाच्या आधारावर, आणि तो तपासणारा माणूस तुम्हीच होता का, एवढंच हवं असतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्याकडे विदर्भातली एक मुलगी होती. नाव सांगत नाही, ती आज कदाचित हे ऐकत असेल. चार वर्षं माझ्या हाताखाली ड्रेनेजचं काम केलं. वीसेक एकरांची एक वसाहत होणार होती, तिच्यासाठी डिटेन्शन पाँड डिझाइन करायचा होता. म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायचं आणि पाइपमधून हळूहळू शेजारच्या चॅनलमध्ये सोडायचं. काम हार्वे वादळानंतरचं. २०१८ मध्ये पावसाचे ॲटलास १४ चे नवे सरकारी आकडे आले आणि ह्यूस्टन भागात शंभर वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस साधारण १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला, हे तुम्हाला माहीत आहे. जुन्या डिझाइनमध्ये हा पाऊस बदलायचा आणि पाँड मोठा करायचा, एवढंच काम मी तिला दिलं होतं.

ती दोन दिवसांनी आली. म्हणाली, ‘सर, पाऊस बदलला, पण चॅनलमधलं पाणी कोणी बदललं नाही.’ जुन्या गणितात पाइपचं तोंड मोकळं धरलेलं होतं, पाणी बाहेर पडून खाली कोसळतंय असं. ती म्हणाली, तेवढ्या पावसात चॅनल रिकामा कसा असेल? तिने पाण्याची पातळी काढली, तर ती पाइपच्या मध्यापासून तीन फूट वर. पाँडमधलं पाणी मध्यापासून पाच फूट वर होतं. म्हणजे पाणी ढकलायला पाच नव्हे, दोनच फूट उरले. विसर्ग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे चोवीस इंची पाइपमधून सेकंदाला ३४ घनफूट जाईल असं धरलं होतं ते २१ वर आलं. तेरा घनफुटांची तूट. ही तूट तासभर राहिली तर सत्तेचाळीस हजार घनफूट, म्हणजे एकरभर जागेवर फुटाहून थोडं जास्त पाणी. ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाणार.

इथपर्यंत गणित झालं, ते सॉफ्टवेअरही करेल. पत्रात जायला हवं ते पुढचं. मी तिला विचारलं, मग पाइप मोठा करू या का? ती म्हणाली नको. चॅनल रिकामा असेल त्या साध्या पावसात मोठ्या पाइपमधून आपण परवानगीपेक्षा जास्त पाणी सोडू आणि खालच्या वस्तीला त्रास होईल. पाइपच्या तोंडाला झडप लावू या का? तिचं म्हणणं, झडप लावायचीच, पण त्याने पाणी उलटं येणं थांबेल, गेलेली जागा परत मिळणार नाही. म्हणून पाँड रुंद करा. त्यात मालकाचे दोन प्लॉट गेले. मीटिंगमध्ये मालक तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत ओरडत होता, आणि ती त्याला चॅनलची पातळी समजावत होती. मी गप्प बसलो. शिक्का माझाच होता, पण उत्तर तिचं होतं.

तिची एक चूकही सांगतो, कारण मी ती पत्रात लिहिली आणि आमच्या एच.आर.ला घाम फुटला. पहिल्या मसुद्यात तिने एका जुन्या नकाशावरची उंची नव्या सर्व्हेच्या उंचीशेजारी सरळ ठेवली होती. आता ह्यूस्टनची जमीन खचते, भूगर्भातलं पाणी उपसून उपसून खचलेली आहे. म्हणून इथे उंची लिहिताना डेटम, म्हणजे उंची कुठल्या पायापासून मोजली, आणि तो कोणत्या वर्षी दुरुस्त केला तेही लिहावं लागतं. दोन नकाशांवरचं वर्ष वेगळं निघालं. मी ते पकडलं. पुढच्या कामात तिने सर्व्हेयरला पहिला प्रश्न तोच विचारला. माझ्या मते पत्रातली सर्वांत वजनदार दोन वाक्यं हीच होती. ज्याची एकही चूक तुम्हाला आठवत नाही, त्याचं काम तुम्ही तपासलेलंच नसतं.

बरं, आली चिठ्ठी. ‘वडे आले, दहा मिनिटं.’ म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता दहा मिनिटांत.

टेक्ससमध्ये किमान तीन पी.ई. संदर्भ देणारे लागतात, आणि अर्जदार आपल्या अनुभवाचा तपशील स्वतः लिहितो. तो तुम्ही वाचायचा आणि मगच बोलायचं. तर पहिलं काम हे की तिने लिहिलेला मसुदा मागून घ्या. ‘आम्ही’ दिसलं की तिथे तिलाच विचारा, यातलं तू काय केलंस? आणि पत्र तिला लिहायला लावून खाली सही करू नका. बोर्डातल्या वाचणाऱ्याला दोन्ही कागदांचा हात एकच आहे हे लगेच कळतं.

पत्राची सुरुवात स्वतःपासून करा. तुमचं लायसन्स कोणत्या राज्याचं, शाखा कोणती, या व्यक्तीवर तुमची देखरेख कधीपासून कधीपर्यंत आणि किती जवळून. रोज का पंधरा दिवसांतून एकदा? पंधरा दिवसांतून असेल तर तसंच लिहा. तारखा तिच्या तपशिलाशी ताडून पाहा. तुम्ही जून म्हणालात आणि तिने ऑगस्ट लिहिला असेल तर बोर्ड परत विचारणारच. तिने मधे चार महिने रजा घेतली असेल तर ते महिने अनुभवात मोजू नका.

मग दोन कामं, फार तर तीन. प्रत्येकात प्रश्न काय होता, तिने काय गणित केलं, कोणता पर्याय नाकारला आणि का, तुम्ही काय तपासलं. आणि चार वर्षांत काम चढत गेलं हे दिसू द्या. पहिल्या वर्षी तिने पाइपचे आकार काढले, चौथ्या वर्षी मोठा पाइप नको म्हणाली. चारही वर्षं तेच काम असेल तर तो एका वर्षाचा अनुभव चार वेळा मोजलेला आहे. मग तिला आधी वेगळं काम द्या, पत्र नंतर.

जे पाहिलं नाही ते लिहू नका. तिने दुसऱ्या टीमसाठी स्ट्रक्चरलचं काही केलं असेल, तर ते तिथला पी.ई. लिहील. आणि पत्र द्यायचं नसेल तर पहिल्या दिवशीच नाही म्हणा. कोमट पत्रासारखं वाईट काही नाही, त्यात पोराचे महिने जातात आणि का जातायत तेही त्याला कळत नाही. कंपनीचा नियम असतो की एच.आर.ने फक्त नोकरीच्या तारखा द्यायच्या, म्हणून पुष्कळ जण हात वर करतात. इथे तुम्ही कंपनीतर्फे नाही, स्वतःच्या लायसन्सवर बोलताय. तरी आधी एच.आर.शी बोलून घ्या, मी नंतर बोललो आणि ते महागात पडलं. ती गोष्ट पुढच्या वेळी.

हो हो, आलो, थांबतो. ज्यांच्याकडे कोणाचं पत्र अडून बसलंय त्यांनी वड्यांच्या रांगेत मला गाठा. फक्त येताना त्या पोराने नाकारलेला एक पर्याय आठवून या. आठवला नाही, तर आधी फोन करून त्यालाच विचारा, वडा मी धरून ठेवतो.