दहा हजाराचे अकरा हजार शंभर कसे झाले?

मराठवाड्यातलं एक गाव. दुपारी तीनची वेळ. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, मधोमध गटाची लोखंडी पेटी आणि तिच्यावर कर्ज नोंदवही. अकरा जणींचा हा बचत गट. दरमहा बैठक, दरमहा बचत, त्याच पैशातून एकमेकींना कर्ज. व्याज शेकडा दोन, महिन्याला.

आज बैठकीला एक पाहुणी आहे. गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आता स्वयंसेविका म्हणून गटांचे हिशेब तपासून देतात. गावात सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. आज त्यांना बोलावलं ते एका सदस्येच्या शंकेसाठी. तिनं शिलाई मशीनसाठी गटाकडून दहा हजार घेतले. दहा महिन्यांत फेडले. वहीत बेरीज आली अकरा हजार शंभर.

"बाई, मी एकही हप्ता चुकवला नाही. मग वरचे अकराशे कशाचे?"

बाई पदराच्या गाठीतून चिंचोके काढतात आणि दहा चिंचोके सतरंजीवर मांडतात. एक चिंचोका म्हणजे एक हजार.

"पहिल्या महिन्यात गटाचे किती पैसे तुझ्याकडे होते? दहा हजार. शेकडा दोननं व्याज झालं दोनशे. तू दोनशे व्याज दिलंस आणि हजार मुद्दल दिलं." एक चिंचोका पेटीकडे सरकतो. "आता तुझ्याकडे उरले नऊ. दुसऱ्या महिन्याचं व्याज नऊ हजारांवर. एकशे ऐंशी."

तिसऱ्या महिन्याला एकशे साठ, मग एकशे चाळीस. प्रत्येक हप्त्याला एक चिंचोका सरकतो आणि व्याज वीस रुपयांनी उतरतं. शेवटच्या महिन्यात सतरंजीवर एकच चिंचोका राहतो आणि व्याज असतं फक्त वीस रुपये. सचिव मोबाइलवर बेरीज मारते. अकराशे.

म्हणजे वही बरोबर आहे. पण एक काकू ऐकायला तयार नाहीत. शेकडा दोन म्हणजे दहा हजाराला दोनशे, मग एकदाच दोनशे घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. अनेक गटांत घोळ होतो तो इथेच. शेकडा दोन ऐकायला किरकोळ वाटतं, कारण त्यापुढचा 'दर महिना' कानावरून निघून जातो. वर्षाच्या हिशेबानं हाच दर २४ टक्के पडतो. पैसे जितके महिने आपल्याकडे, तितके महिने व्याज चालू.

मग कोपऱ्यातून प्रश्न येतो, "शेजारच्या वस्तीत तर दहा हजाराला बारा हजार घेतात. दरमहा बाराशेचा हप्ता. दर तोच सांगतात, शेकडा दोन."

बाई सगळे चिंचोके पुन्हा मांडतात. तिथे व्याज दर महिन्याला दोनशेच राहतं, कारण ते शेवटपर्यंत मूळच्या दहा हजारांवर धरलेलं असतं. आठ हजार परत गेलेले असोत की नऊ, व्याज दहावरच. हे नीट कळतं ते त्यांच्यातल्याच एकीच्या बोलण्यातून. हा गट लग्नकार्याला भांडी भाड्यानं देतो. ती म्हणते, "म्हणजे पातेली परत आणून दिली, तरी त्यांचं भाडं चालूच!"

नेमकं हेच. पहिल्या पद्धतीला उतरत्या शिलकीवरचं व्याज म्हणतात, दुसरीला सरसकट. दर दोन्हीकडे दोनच सांगितला जातो, पण सरसकटचे शेकडा दोन उतरत्या हिशेबात मोजले तर जवळजवळ साडेतीन भरतात. म्हणून दर विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: व्याज कशावर? आणि तेही अवघड वाटलं, तर सरळ सगळ्या हप्त्यांची बेरीज मागायची.

उतरत्या हिशेबाचा एक फायदा कुणी सहसा सांगत नाही. चौथ्या हप्त्यानंतर शिलाई मशीनवालीकडे सहा हजार बाकी होते. तेव्हा हातात सोयाबीनचे पैसे आले असते आणि तिनं तीन हजार जास्तीचे भरले असते, तर पुढचं व्याज साठ, चाळीस, वीस एवढंच लागलं असतं. तीनशे रुपये वाचले असते आणि कर्ज सातव्या महिन्यातच फिटलं असतं. उलट, एका महिन्यात नुसतं व्याज भरून मुद्दल पुढे ढकललं, तर त्या चिंचोक्यांवर आणखी एक महिन्याचं व्याज चढतं. दंड लावला नाही, तरीही.

आता एक मावशी पिशवीतून घडी घातलेला कागद काढतात. कंपनीचं कर्ज. तीस हजार, चोवीस महिने, वर्षाला २४ टक्के, हप्ता १,५८६. चोवीस हप्त्यांचे होतात ३८,०६४.

"बारा हप्ते भरले. अर्धं कर्ज फिटलं ना?"

नाही. व्याज इथेही उतरत्या शिलकीवरच आहे, पण हप्ता सारखा ठेवलेला आहे. पहिल्या हप्त्यातले सहाशे रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं ९८६. महिन्यागणिक व्याजाचा वाटा घटत जातो, मुद्दलाचा वाढतो. बारा हप्त्यांनंतर मावशींच्या डोक्यावर अजून पावणेसतरा हजारांच्या आसपास बाकी आहे. त्या गप्प होतात, कागदावरच्या तेराव्या ओळीवर बोट ठेवून.

बाई विचारतात, "हातात किती मिळाले होते?"

"एकोणतीस."

कागदावर तीस, हातात एकोणतीस. मधले हजार प्रक्रिया शुल्क, त्यावरचा कर आणि विम्यात कापले गेले. व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर. मावशींपुरता फरक आठ हजारांचा नाही, नऊ हजारांच्या वर आहे. एवढी मोठी कपात व्याजदराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही, आणि सही करताना ती कुणी मोठ्यानं वाचूनही दाखवत नाही.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी नियम आणले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तारण न घेता दिलेली कर्जं त्यात येतात. कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यायचं, आणि त्यात लिहिलेलं नाही ते शुल्क घ्यायचं नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवर, अख्ख्या कर्जावर नाही. हे नियम बँका आणि कंपन्यांना लागू आहेत. गावातल्या सावकाराकडे असलं माहितीपत्रक मिळत नाही.

शेवटी मूळ शंका उरतेच. अकराशे गेले कुठे? कंपनी घेते त्या व्याजातून कंपनीनं स्वतः उचललेल्या पैशांचं व्याज, वसुलीला फिरणाऱ्या माणसांचा पगार आणि बुडालेली कर्जं भरून निघतात, उरेल तो नफा. गटाचं व्याज मात्र याच पेटीत पडतं. अकरा जणींत अकराशे, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला शंभर. शिलाई मशीनवालीच्याही. ज्यांनी वर्षभर कर्ज घेतलं नाही, फक्त बचत केली, त्यांच्या पैशाला मोबदला मिळतो तो यातूनच.

हे ऐकून ती म्हणते, "मग दर दीडवर आणा की."

पेटीभोवती वाद सुरू होतो. दीडनं याच कर्जाला व्याज पडेल ८२५, गटाचे २७५ कमी होतील. कर्ज घेणाऱ्या खूश, नुसती बचत करणाऱ्या नाराज. त्यातच सचिव आठवण करून देते की गटानं बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं व्याजही याच उत्पन्नातून जातं. अध्यक्षा आधी बँकेचं पासबुक भरून आणायला सांगतात. दराचा ठराव पुढच्या बैठकीवर जातो.